सोमवारी सकाळी दहाला देतो, चालेल का?

शिंप्याकडे टाकलेलं कापड कधीच शिवायचं राहिलेलं नसतं. त्याचं फक्त काज-बटण राहिलेलं असतं. सुताराकडच्या कपाटाला पॉलिशचा शेवटचा हात तेवढा बाकी असतो, सोनाराकडचं मंगळसूत्र उजळायला दिलेलं असतं आणि पत्रिका छापणाऱ्याकडे तर सगळंच तयार असतं, वरच्या गणपतीला सोनेरी रंग मारला की झालं. आपण विचारतो, "मग मिळेल कधी?" उत्तर येतं, "या ना दोन दिवसांनी." या दोन दिवसांचं माप कुठल्याच पंचांगात दिलेलं नाही. आमच्या शेजाऱ्यांनी दिवाळीसाठी टाकलेला झब्बा असाच दोन दिवसांनी, होळीच्या सुमारास घरी आला.

या मंडळींवर मी वर्षानुवर्षं दातओठ खात आलो. पुढे स्वतःच अनुवादाची आणि पानं लावून देण्याची कामं घ्यायला लागलो, तेव्हा माझंही सगळं कायम तयारच असायला लागलं. फक्त एकदा नजर फिरवायची राहिलेली असायची.

आमच्या धंद्यात काम उशिरा होणं ही काही बातमी नव्हे. खरी कसोटी ते कळवण्यात आहे. तिथे भलेभले आडवे होतात. माझ्या एका व्यवसायबंधूने एका वैद्यांच्या काढ्याचं माहितीपत्रक अनुवादाला घेतलं होतं. मुदत टळायला आली तेव्हा त्याने जगातलं सर्वांत जुनं कारण कळवलं: ताप आहे. आता हे कारण कुणालाही सांगावं, वैद्याला सांगू नये. वैद्यबुवा संध्याकाळी घरी हजर. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, "ताप नाही, पित्त आहे आणि तेही आळसाचं," असं निदान केलं आणि जाताना तपासणीची फी बिलातून वळती करून घेतली.

दुसऱ्या एकाने "लाइट गेली" असं कळवलं. क्लायंट पलीकडच्याच गल्लीतला. "आमच्याकडे तर आहे," तो म्हणाला, "थांबा, माझा मेहुणा वीज खात्यातच आहे." पंधरा मिनिटांत मेहुणा, एक शिडी आणि दोन वायरमन दारात. त्यांच्या समाधानासाठी बिचाऱ्याला स्वतःच्या हाताने फ्यूज काढून ठेवावा लागला. मग खरोखरच काम झालं नाही.

माझी अडचण निराळी होती. मला कारण खरं मिळालं होतं, आणि खरं कारण हातात आलं की माणूस ते पूर्ण सांगितल्याशिवाय राहत नाही.

प्रकरण एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं. सहकारी संस्थांचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि तिथून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे एप्रिल ते जुलै या काळात अहवाल नावाची वस्तू जगात असते याची कुणालाच कल्पना नसते, आणि ऑगस्टमध्ये ती सगळ्यांना एकाच दिवशी आठवते. त्यात गणपती येतात. या संस्थेची सभा रविवारी, २८ सप्टेंबरला होती. अहवाल ६४ पानांचा. छापायला तयार फाइल मी शुक्रवारी, ५ तारखेला संध्याकाळी द्यायची असं ठरलं होतं.

काम छान चाललं होतं. अध्यक्षांचं मनोगत झालं, संचालकांचे फोटो लागले, गुणवंत पाल्यांचे सत्कार झाले. मग मी ताळेबंदाची फाइल उघडली. ती संस्थेच्या कार्यालयातल्या कुठल्याशा जुन्या संगणकावर, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. असल्या फॉन्टमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने न बसता डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार व्यंजनाच्या नंतर. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला सगळ्याच वेळी ही कसरत जमत नाही. त्यामुळे माझ्या पडद्यावर सभासदांना दिलेल्या 'कर्जा'चं 'कजर्' झालं होतं. मजकुरातले 'कजर्' शोधून बदलता येतात. आकड्यांचं तसं नसतं. काही ठिकाणी कंसच उडाले होते, आणि हिशेबात कंसातला आकडा म्हणजे वजा आकडा. कंस उडाला की वजाबाकीची बेरीज होते. बऱ्याच संचालक मंडळांना हा प्रोग्राम मनापासून आवडेल.

थोडक्यात, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि त्यांची परिशिष्टं अशी आठ पानं हाताने टाइप करून मूळ प्रतीशी आकडा न् आकडा जुळवायची होती. हे शुक्रवारपर्यंत होणार नाही हे मला बुधवारी संध्याकाळी कळलं. मी मोबाइल उचलला आणि लिहायला लागलो.

"आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार. आपल्या कृपेने अहवालाचं काम उत्तम प्रगतिपथावर असून, तथापि आपल्या कार्यालयाकडून प्राप्त झालेली फाइल जुन्या फॉन्टमध्ये असल्याकारणाने रूपांतर करताना रफार आणि वेलांट्या..." इथे मी दोन परिच्छेद युनिकोडचा इतिहास दिला. मग समोरच्या मंडळाच्या स्पीकरची माहिती दिली. मग आमच्याकडे नुकत्याच जेवून गेलेल्या गौरी, त्यांच्यासोबत आलेली आणि त्यांच्यासोबत न गेलेली पाहुणेमंडळी. शेवटी, "तरी आपण मोठ्या मनाने समजून घ्याल अशी आशा बाळगतो. काम लवकरात लवकर देण्याचा प्रयत्न करतो." वाचून माझेच डोळे पाणावले.

न गेलेल्या पाहुण्यांत माझे सासरे होते. अप्पा पोस्टात तारमास्तर होते. नोकरीभर त्यांनी लोकांचे शब्द मोजले आणि शब्दाप्रमाणे पैसे घेतले. १५ जुलै २०१३ रोजी देशातली तारसेवा बंद झाली, पण अप्पांचं मोजणं बंद झालं नाही. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर ते अजून "शुभाशीर्वाद" एवढंच लिहितात, कारण तो एक शब्द धरला जातो. त्यांनी हात पुढे केला, मी मोबाइल दिला. ते बराच वेळ वाचत होते. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,

"जावईबापू, माणूस गेल्याची बातमी आम्ही चार शब्दांत द्यायचो. तुमचा तर नुसता फॉन्ट गेलाय."

मी म्हटलं, "अप्पा, पण त्यांना पटायला हवं ना!"

"पटायला एवढं लागत नाही. एवढं वाचलं की वाटतं, हा काहीतरी लपवतोय."

आणि मग ते जुन्या उत्साहाने कामाला लागले. "'आदरणीय' आणि 'सप्रेम' दोन्ही कशाला? या वेलांट्यांचे पैसे कोण भरणार? गौरी काढा. त्यांच्या अहवालाशी गौरींचा संबंध काय?" युनिकोडचा इतिहास गेला. मंडळाचा स्पीकर गेला. मग 'आपल्या कार्यालयाकडून प्राप्त झालेली' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"हेही काढा."

इथे मात्र मी हटून बसलो. चूक त्यांची, फाइल त्यांची, आणि आळ माझ्यावर? अप्पा म्हणाले, "तुम्ही हे पाठवणार कुणाला?"

"मॅनेजरसाहेबांना."

"आणि ते दाखवणार कुणाला?"

"अध्यक्षांना."

"मग त्यात त्यांच्याच हापिसाची चूक असली तर ते दाखवतील होय? तुमची तार खिशात राहील. मग ते स्वतःच्या तोंडाने सांगतील, आणि तेव्हा त्यात फॉन्ट नसेल. तुम्ही असाल."

मी गप्प बसलो. जो निरोप मॅनेजर जसाच्या तसा वर सरकवू शकत नाही, तो निम्म्या वाटेत आपलं रूप बदलतो, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. अनुभव मात्र भरपूर होता.

आता राहिली तारीख. 'लवकरात लवकर'वर अप्पांनी अशी नजर टाकली की ते शब्द आपोआप पुसले गेले. "शनिवार लिहू?" मी विचारलं.

"शनिवार कुठून काढलात?"

खरं सांगायचं तर शनिवार हा शुक्रवारनंतर येतो म्हणून काढला होता. आपण मागून घेतो ती नवी तारीख बहुतेक वेळा अशीच निघते: समोरच्याला कमीत कमी राग येईल अशी. कामाला लागणाऱ्या वेळाशी तिचं काही नातं नसतं. अप्पांनी मला एक पान घड्याळ लावून टाइप करायला लावलं. जुळवण्यासकट दीड तास गेला. आठ पानांचे बारा तास, आणि ते सुद्धा पाहुणे, आरत्या आणि आधी कबूल केलेली दुसरी कामं सांभाळून. शुक्रवार रात्र उजाडणार. म्हणजे शनिवार सकाळ अगदी काठावर.

"आणि शनिवारी घेऊन ते करणार काय?" अप्पांनी विचारलं.

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी प्रेसवाल्याला फोन लावला. प्रेस पुण्यात, पेठेत.

"शनिवारी?" तो हसला. "अहो, शनिवारी अनंत चतुर्दशी. आमची गल्ली बंद, पुढचा रस्ता बंद. मशीनवाला पोरगा ढोलपथकात आहे. मिरवणूक रविवारपर्यंत चालणार आणि त्यानंतर तो झोपणार. सोमवारी दहाला आलात तरी पहिली प्लेट तुमचीच लावतो."

म्हणजे शुक्रवारी रात्री धावत नेऊन दिलेली फाइल आणि सोमवारी सकाळी दहाला दिलेली फाइल, दोन्ही एकाच वेळी मशीनवर चढणार होत्या. मधल्या काळात त्या फाइलीचा उपयोग एवढाच, की ती आल्याचं समाधान मॅनेजरसाहेबांना मिळालं असतं.

तरी अप्पांनी उलटा हिशेब मांडायला लावला. सभा २८ला. पोटनियमाप्रमाणे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून मधले चौदा दिवस पूर्ण भरायला हवेत, म्हणजे नोटीस आणि अहवाल १३ तारखेपर्यंत सभासदांच्या हातात पडायला हवेत. संस्था ते टपालाने न पाठवता पिग्मी एजंटांकडून वाटते. हे लोक रोज दुकानोदुकानी ठेव गोळा करत हिंडतातच, त्यांना तीन दिवस पुरतात. छपाईला दोन दिवस, घडी आणि पिन मारायला एक. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारपासून वाटप, शनिवारी १३ला संपलं. बसत होतं. पण सोमवारच्या पुढे एक दिवसही सरकवण्यात अर्थ नव्हता, तिथून खरी टांगती तलवार सुरू होत होती.

शिवाय सगळंच थांबवायचं कारण नव्हतं. बाकीची ५६ पानं तयार होती, ती शुक्रवारीच देता येत होती. इथे एक गंमत असते. छपाई सोळा पानांच्या फॉर्मने होते, म्हणून वाटतं पहिली ४८ पानं दिली की तीन फॉर्म मोकळे झाले. मधोमध पिन मारायच्या पुस्तकात तसं नसतं. तिथे फॉर्म एकमेकांच्या पोटात बसतात, त्यामुळे पहिली आठ आणि शेवटची आठ पानं एकाच फॉर्मवर येतात. शेवटचं पान अडलं तर पहिलंही अडतं. आमचा ताळेबंद २९ ते ३६ या पानांवर होता, आणि सर्वांत आतला फॉर्म २५ ते ४० पानांचा. अडणार होता तो एवढाच. बाकी तिन्ही बाहेरचे फॉर्म सुटे होते. पानं अशी लावण्यामागे माझी दूरदृष्टी होती असं मी अप्पांना सांगितलं. त्यांनी त्या शब्दाचे पैसे लावले नाहीत, पण विश्वासही ठेवला नाही.

शेवटी निरोप तयार झाला तो असा:

"ताळेबंदाची ८ पाने (२९ ते ३६) जुन्या फॉन्टमुळे हाताने टाइप करून जुळवावी लागत आहेत. बाकी ५६ पाने ठरल्याप्रमाणे शुक्रवारी देतो. ही ८ पाने सोमवार, ८ सप्टेंबर, सकाळी १० वाजता थेट प्रेसवर देतो. विसर्जनामुळे छपाई सोमवारीच सुरू होणार आहे, त्यामुळे सभेची नोटीस वेळेत निघेल. चालेल का?"

'चालेल का' हे अप्पांनी घातलं. पूर्वी जवाबी तार असायची, उत्तराचे पैसे आपणच आधी भरून ठेवायचे. "त्यांना एका शब्दात उत्तर देता आलं पाहिजे," ते म्हणाले, "नाहीतर ते फोन करतील. फोन केला की तुम्ही गौरी काढाल."

मी म्हटलं, "उद्या सकाळी पाठवतो. रात्रीतून काम उरकलंच तर?"

"आत्ता पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलंत तर तो निरोप नाही, सुतक."

पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर येईना. मी मनातल्या मनात वकिली सुरू केली: ते असं म्हणाले तर मी तसं म्हणेन, ते फॉन्टवर आले तर मी सरळ रफारावर जाईन. थोड्या वेळाने उत्तर आलं. "ओके."

एवढंच. मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. मी इतका तयारीत होतो! माणसाला क्षमा मिळाली तरी आपली बाजू ऐकून घेतली गेली नाही याचं दुःख उरतंच.

पाच मिनिटांनी त्यांचाच दुसरा निरोप आला. तो मात्र लांब होता. अध्यक्षांचा पान ३ वरचा फोटो बदलायचा होता, कारण त्यात केस पांढरे दिसत होते, म्हणजे तसे ते आहेत, पण आता नाहीत, फोटोवाला त्यांच्या पुतण्याच्या ओळखीचा, पुतण्या मंडळाच्या देखाव्यात अडकलेला, तरी आपण समजून घ्याल, फोटो दोन दिवसांत देतो. पान ३, म्हणजे सर्वांत बाहेरचा फॉर्म. मी अप्पांकडे पाहिलं. "विचारा," ते म्हणाले, "वार, तारीख, वेळ." मी विचारलं. फोटो शुक्रवारी दुपारी दोन वाजता मिळाला. केस इतके काळे होते की छपाईची शाई बाकी पानांना पुरेल की नाही अशी शंका आली.

शनिवार-रविवारची फुरसत पुरेपूर लागली, हेही सांगून टाकतो. आठही पानं टाइप झाल्यावर बेरीज मारली तर देणी आणि मालमत्ता या दोन बाजू जुळेनात. फरक २,३६,८०० रुपयांचा. अशा वेळी फरकाचा निम्मा आकडा शोधायचा असतो, कारण वजा करायची रक्कम मिळवली गेली की तफावत बरोबर दुप्पट पडते. निम्मे म्हणजे १,१८,४००. तो घसारा निघाला. त्याचा कंस मूळ कागदावर होता, टाइप करताना माझ्याकडून गळला होता, आणि तो शोधायला शनिवारची दुपार गेली. बाहेर ढोल वाजत होते. शनिवार सकाळचा शब्द दिला असता तर त्या ढोलांच्या तालावर मला मुदतवाढीची मुदतवाढ मागावी लागली असती. पहिली मुदतवाढ लोक देतात. दुसरी मागणाऱ्याला नवा अनुवादक मिळाल्याचं कळवतात.

सोमवारी पावणेदहाला फाइल प्रेसवर होती. मशीनवाला पोरगा सव्वाअकराला आला. कानात अजून ढोल होते, त्यामुळे त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. अहवाल बुधवारी बांधून झाला, पिग्मी एजंटांनी वाटला, सभा २८ला झाली. अहवालावर एकच प्रश्न विचारला गेला: मागच्या वर्षी सभासदांना स्टीलचा डबा दिला होता, या वर्षी काय?

मग मी बिल पाठवलं. मॅनेजरसाहेबांचं उत्तर आलं: "बिल मिळाले. सही करणारे अध्यक्ष बाहेरगावी आहेत. चेक सोमवार, १३ ऑक्टोबर, दुपारी १२ वाजता तयार असेल. चालेल का?"

मी तो निरोप अप्पांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता होती, ते मोजत असावेत. मग म्हणाले, "माणूस चांगला तयार झालाय. काढण्यासारखं काही नाही." मला राग काढायला जागा शोधायची होती, पण त्या निरोपात ती ठेवलेलीच नव्हती. मी "चालेल" असं लिहिलं.

सोमवारी बरोबर बारा वाजता चेक तयार होता. त्यावर अध्यक्षांची सही होती. दुसरी सही सचिवांची लागते, आणि सचिव गुरुवारी येणार होते.